कॉमेंट्स गोड, पण पुढचा व्हिडिओ आपटतो: भावना मोजून विषय निवडताना दर वेळी होणारी चूक

लक्षण असं आहे. घरगुती स्वयंपाकाच्या चॅनलवर एखादा व्हिडिओ चालतो. आपण त्याच्या कॉमेंट्स उतरवतो, त्यांना सकारात्मक-नकारात्मक गुण देतो, ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त कौतुक आहे तो उचलतो आणि त्यावर पुढचा भाग करतो. तो भाग पडतो. पुन्हा तीच पद्धत, पुन्हा तेच. माझ्याकडे हे सलग तीनदा झालं आणि तिन्ही वेळा मी गुण देणाऱ्या प्रोग्रॅमला दोष दिला. प्रोग्रॅममध्ये चुका होत्याच, त्या आधी सांगतो. पण त्या दुरुस्त करूनही विषय चुकतच राहिला, कारण मूळ गोंधळ दुसरीकडे होता.

आधी एवढं तपासा: निम्म्या कॉमेंट्सना गुण बरोबर शून्य मिळतोय का? बरेच जण सुरुवात व्हेडर या मोफत लायब्ररीपासून करतात (`vaderSentiment`). तिच्यात शब्दांची एक यादी आहे. त्या शब्दांवरून ती प्रत्येक वाक्याला `compound` नावाचा उणे 1 ते अधिक 1 मधला आकडा देते. सहसा 0.05 च्या वर सकारात्मक, उणे 0.05 च्या खाली नकारात्मक आणि मधलं सगळं तटस्थ धरतात. यादी इंग्रजी शब्दांची आहे. त्यामुळे देवनागरीत लिहिलेली कॉमेंट, मग ती शिवी असो की ओवी, 0.0 घेऊन तटस्थाच्या ढिगात जाते. गुण मिळतात ते इंग्रजी शब्दांना आणि इमोजींना. इमोजींची आणखी वेगळीच गंमत. व्हेडर इमोजीच्या जागी त्याचं इंग्रजी वर्णन घालतो आणि मग शब्द शोधतो. 🔥 म्हणजे आग, आणि आग यादीत वाईट. 😭 म्हणजे रडणारा चेहरा, तोही वाईट. ‘काय दिसतोय ब्रेड 🔥😭’ लिहिणारा बिचारा लाळ गाळतोय, पण आपल्या तक्त्यात तो तक्रारदार ठरतो.

मराठी समजणारं मॉडेल वापरलं तर शून्यांचा प्रश्न सुटतो, पण स्वयंपाकाची भाषा तिथेही दगा देते. ‘ब्रेड भारी झाला’ म्हणजे मस्त झाला की जड झाला? ‘वा, दगड छान जमला!’ यात ‘वा’, ‘छान’, ‘जमला’ हे तीन गोड शब्द आहेत आणि माणूस वैतागलेला आहे. ‘काही बोलायलाच नको’ यात नकार आहे आणि ती दाद आहे. हे सुधारत बसण्यात मी एक महिना घालवला. आज कुणी विचारलं तर सांगेन, तो महिना घालवू नका. गुण अगदी अचूक आले तरी विषय चुकतोच, आणि त्याचं कारण असं.

कौतुक येतं ते बघणाऱ्याकडून. तक्रार येते ती करणाऱ्याकडून. आणि या दोघांच्या येण्याची वेळ वेगळी असते.

व्हिडिओ चढवल्यावर पहिल्या दोन दिवसांत जे लिहितात त्यांनी तो फक्त पाहिलेला असतो. पीठ भिजवायला त्यांच्याकडे अजून वेळ झालेला नाही, कदाचित यीस्टही आणलेलं नाही. ते तुमचा आवाज, ओटा, कॅमेरा आणि ब्रेडचा रंग यांबद्दल लिहितात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, विशेषतः पहिल्या सुट्टीनंतर, दुसरी माणसं येऊ लागतात. त्यांनी पदार्थ करून पाहिलेला असतो. त्यांचा सूर उतरलेला असतो, कारण ज्याचं सरळ जमलं त्यातले बरेच जण खाऊन मोकळे होतात आणि ज्याचं बिघडलं तो परत येतो. म्हणून ज्या व्हिडिओवरून लोक खरंच रांधतात, त्याची भावनेची सरासरी दिवसांगणिक घसरते. ज्यावरून कुणी काहीच करत नाही, त्याची सरासरी वरच राहते. आपण ती सरासरी बघून विषय निवडत असू, तर आपण नेमका कुणीच न करणारा विषय निवडतो.

तुमच्याकडे हेच होतंय का ते अर्ध्या तासात कळतं. एका व्हिडिओच्या सगळ्या कॉमेंट्स तारखेसह एका तक्त्यात घ्या. हाताने उतरवल्या तरी चालेल. यूट्यूबच्या एपीआयमधून घेत असाल तर `commentThreads.list` एका वेळी जास्तीत जास्त 100 धागे देतं आणि प्रत्येकाची वेळ `publishedAt` मध्ये असते. `textFormat=plainText` द्यायला विसरू नका. नाहीतर मजकूर एचटीएमएलच्या रूपात येतो आणि मधे `<br>` आणि `'` असा कचरा दिसतो. अजून एक सापळा: धाग्याबरोबर मिळणारी उत्तरं पूर्ण असतीलच असं नाही. लांब धाग्याची सगळी उत्तरं `comments.list` ला `parentId` देऊन वेगळी मागवावी लागतात. आणि ‘माझाही असाच झाला’ हे वाक्य लोक बहुतेकदा उत्तरातच लिहितात. ती सोडलीत तर सगळ्यात कामाचा भाग गेला.

मग स्वतःची उत्तरं काढून टाका आणि तक्ता दोन भागांत कापा: पहिले 48 तास आणि त्यानंतरचं. दोन्हीकडून सलग तीस-तीस कॉमेंट्स वाचा. पहिल्या भागात ‘तुम्ही’ आणि ‘तुमचा’ भरलेलं दिसेल, दुसऱ्यात ‘मी’ आणि ‘माझा’. फरक इतका ठळक असेल तर तुमचा आजार हाच आहे.

उपाय असा, की ‘किती खूश’ हे मोजणं सोडायचं आणि ‘याने केलंय का, आणि कुठे अडलाय’ एवढं मोजायचं. भावना टाकून द्यायची नाही. ती फक्त करून पाहिलेल्यांपुरती बघायची. आणि मराठी इथे आपल्याला मदत करते. ‘माझा ब्रेड’, ‘माझं पीठ’, ‘आमचा मधेच बसला’ अशी मालकी दाखवणारा शब्द आणि जवळच भूतकाळाचं क्रियापद आलं, की त्या माणसाने बहुधा हात पिठात घातलेला आहे. नुसतं ‘केला’ शोधू नका, कारण ‘किती छान व्हिडिओ केलात’ तेही पकडलं जातं. ‘माझी आवडती रेसिपी’ हे ‘माझी’ असूनही फसवतं, म्हणून क्रियापद हवं. यंत्राने पहिली चाळणी करावी, पण शेवटचा शिक्का माणसाने मारावा. दोन-अडीचशे कॉमेंट्सचं काम एका संध्याकाळचं आहे.

प्रश्नांचेही दोन प्रकार वेगळे ठेवा. ‘चालेल का’, ‘जमेल का’, ‘ऐवजी काय’ हे करण्याआधीचे प्रश्न आहेत. ‘का झालं’, ‘का बसला’, ‘काय चुकलं’ हे केल्यानंतरचे. पहिल्या प्रकाराला बहुतेक वेळा एका ओळीचं उत्तर पुरतं, त्यासाठी व्हिडिओ लागत नाही. दुसऱ्याला एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण आधी कारण शोधावं लागतं. पुढचा भाग तिथे लपलेला असतो.

प्रश्न शोधताना एक बग मला दोन आठवडे नाचवत होता. लोक प्रश्नचिन्ह देत नाहीत, म्हणून मी शेवटचा ‘का’ शोधत होतो. पायथनमध्ये शब्दाची हद्द दाखवायला `\b` वापरतात, तसं केलं. आणि झालं हे:

```python
import re
re.findall(r"\bका\b", "जमेल का")   # []
re.findall(r"\bका\b", "काम जमलं")  # ['का']
```

खरा ‘का’ सुटला आणि ‘काम’ मधला सापडला! कारण पायथनचं `re` काना-मात्रांना अक्षर मानत नाही. त्याच्या दृष्टीने ‘का’ म्हणजे क हे अक्षर आणि पुढे एक बिगर-अक्षर चिन्ह. वाक्याच्या शेवटी चिन्हानंतर काहीच नाही, म्हणून हद्द नाही. ‘काम’ मध्ये चिन्हानंतर म आला, म्हणून हद्द आहे. देवनागरी मजकुरावर `\b` विसरायचं आणि मोकळी जागा स्वतः तपासायची:

```python
KA = re.compile(r"(?<!\S)का(?=[\s?!.,]|$)")
```

यातूनही ‘जमलं बरं का!’ आत येतो, आणि तो प्रश्न नाही. कुणी हिंदीत ‘आटे का’ लिहिलं तर तेही येतं. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांसाठी वेगळी ओळ लागते आणि तिथे `ka` ची हीच अडचण दुप्पट होते. ही चाळणी आहे, न्यायाधीश नाही, एवढं लक्षात असलं की पुरे.

आता माझंच उदाहरण. साध्या गव्हाच्या मैद्याचा, टिनमध्ये भाजलेला ब्रेड असा व्हिडिओ होता. वर कणकेची वेणी घातली होती. माझी उत्तरं वजा करून 286 कॉमेंट्स होत्या. सगळ्यात जास्त कौतुक वेणीचं होतं, म्हणून जुन्या पद्धतीने मी पुढचा भाग ब्रेडच्या आकारांवर केला: वेणी, गाठ, गोल. त्याच्यावर ‘सुंदर’, ‘कलाकार आहात’ असं आलं आणि करून पाहिल्याच्या कॉमेंट्स जवळपास नाहीत. लोकांना वेणी बघायची होती, घालायची नव्हती.

नंतर त्याच 286 कॉमेंट्स मी नव्याने लावल्या. पहिल्या दोन दिवसांतल्या 174, त्यानंतरच्या 112. करून पाहिलेल्यांच्या कॉमेंट्स पहिल्या गटात जेमतेम 9 होत्या, दुसऱ्यात बऱ्याच जास्त. दोन्ही मिळून, एकाच माणसाच्या दोन-तीन कॉमेंट्स एक धरून, 67 जणांनी ब्रेड केला होता. (हे एक धरणं महत्त्वाचं आहे. एका चिकाटीच्या बाईंनी तीन वेळा ब्रेड केला आणि सहा वेळा लिहिलं. कॉमेंट्स मोजल्या असत्या तर त्या एकट्या सहा जणी झाल्या असत्या.) त्या 67 पैकी 29 जणांचा जमला, 38 जणांचा काही ना काही बिघडला. बिघडलेल्यांत 17 जण म्हणत होते की आतून कच्चा, चिकट राहिला. 12 जणांचा फुगलाच नाही. 5 जणांचं वरचं कवच कडक झालं. उरलेल्या चौघांचं काही एकत्र करता येईना.

इथे थांबून एक चूक टाळायची आहे. 67 पैकी 38 म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचा ब्रेड बिघडतो, असं यातून निघत नाही. बिघडलेला माणूस लिहितो, जमलेला गप्प बसतो. या आकड्यांतून बिघाडांची आपसातली तुलना तेवढी करता येते, आणि आपल्याला तेवढीच हवी आहे.

पण सगळ्यात मोठा ढीग म्हणजे विषय, असंही नाही. ढीग पूर्ण वाचायचा. ‘आतून चिकट’ वाल्या 17 कॉमेंट्स मी एकामागून एक वाचल्या तेव्हा 11 जणांनी सहज लिहून टाकलेलं दिसलं: ‘गरमागरम कापला’, ‘ओव्हनमधून काढून लगेच स्लाइस केले’. तिघांनी टिन लहान आणि खोल असल्याचं लिहिलं होतं. तिघांनी काहीच तपशील दिला नव्हता. ब्रेड बाहेर काढल्यावर आतला स्टार्च थंड होता होता घट्ट बसतो आणि ओल मधून कवचाकडे सरकते. हे होण्याआधी सुरी घातली तर नीट भाजलेला ब्रेडही गोळा गोळा, ओलसर वाटतो. त्या 11 पैकी बऱ्याच जणांचा ब्रेड मुळात कच्चा नसावा.

मग ते लगेच का कापत होते? मी माझाच व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि कपाळाला हात लावला. ब्रेड ओव्हनमधून येतो, आणि पुढच्याच शॉटमध्ये मी तो कापतोय. मधे दोन तास गेले होते, ते एडिटिंगमध्ये उडाले होते. तोंडाने ‘गार होऊ द्या’ असं मी म्हटलंही नव्हतं. लोकांनी मी दाखवलं तसंच केलं होतं.

म्हणजे पुढच्या भागाचा विषय ‘ब्रेड बिघडण्याची कारणं’ असा ऐसपैस झाला नाही. तो झाला ‘ब्रेड आतून भाजला हे कसं ओळखायचं आणि कधी कापायचं’. एकाच घाण्यातले दोन ब्रेड घेतले. एक बाहेर काढल्या काढल्या कापला, दुसरा पूर्ण गार करून, आणि दोन्ही काप शेजारी ठेवून दाखवले. टोचायचा थर्मामीटर मध्यभागी सुमारे 95 अंश सेल्सियस दाखवू लागला की साधा ब्रेड झाला समजायचं, हेही घेतलं. टिनवाल्या तिघांसाठी एक तुकडा: टिन खोल असेल तर मधला भाग उशिरा तापतो, म्हणून ओव्हनचं तापमान थोडं उतरवून वेळ वाढवायचा, आणि वर रंग लवकर आला तर फॉइल सैल झाकायचं.

फुगलाच नाही म्हणणारे 12 जणही कमी नव्हते. तो विषय तेव्हा मी मुद्दाम घेतला नाही, कारण त्यांच्या कॉमेंट्समधून कारण लागत नव्हतं. पाणी फार गरम असेल तर यीस्ट मरतं. यीस्ट जुनं असू शकतं. जागा गार असेल तर फुगायला दुप्पट वेळ लागतो. तिन्हींचं लक्षण एकच आणि उपाय वेगळे. अशा वेळी व्हिडिओ करण्याआधी प्रत्येकाला खाली दोन प्रश्न विचारायचे: पाणी बोटाला कसं लागत होतं, कोमट की चटका बसण्याइतकं? आणि पहिल्यांदा फुगायला किती वेळ ठेवलं? आठवडाभर उत्तरांची वाट पाहायची. पाच-सहा उत्तरं एकाच दिशेने गेली तर विषय पिकला. सगळी विखुरली तर तो एका व्हिडिओचा विषय नाही. माझ्या 12 पैकी सात जणांनी उत्तर दिलं आणि त्यातले पाच पाणी ‘चांगलं गरम’ घेत होते. मी व्हिडिओत ‘गरम पाणी’ म्हटलं होतं, ‘कोमट’ नाही. त्यासाठी नवा भाग कशाला? वर्णनात दुरुस्ती केली आणि एक कॉमेंट पिन केली: 35 ते 40 अंश, बोट निवांत ठेवता येईल इतकं.

आणि इथेच आणखी एक ढीग अचानक वर आला. यीस्टवाल्या तक्रारी मला अपेक्षेपेक्षा कमी वाटत होत्या, म्हणून यूट्यूब स्टुडिओमध्ये तपासणीसाठी रोखलेल्या कॉमेंट्स उघडल्या. तिथे आणखी चार जण बसले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच: ‘यीस्ट मेलं वाटतं’, ‘मेला वाटतं माझा यीस्ट’. कधीतरी शिवराळ लोकांना आवरायला मी रोखायच्या शब्दांच्या यादीत ‘मेला’ आणि त्याची भावंडं घातली होती! स्वयंपाकाच्या चॅनलवर जळणं, करपणं, मरणं, फाटणं, नासणं हे रोजचे शब्द आहेत. ती यादी एकदा डोळ्यांखालून घाला. एपीआयमधून अशा कॉमेंट्स `moderationStatus=heldForReview` देऊन मिळतात, पण त्यासाठी चॅनलच्या मालकाचं लॉगिन लागतं. नुसत्या एपीआय-कीवर मागितल्या तर मिळत नाहीत.

लाइक्सचं काय, असं हमखास विचारलं जातं. कॉमेंटवरच्या लाइक्स मी फक्त एकाच ढिगातल्या, साधारण एकाच काळातल्या कॉमेंट्सची तुलना करायला बघतो. जुनी, वर दिसणारी, तुम्ही हृदय दिलेली कॉमेंट आणखी लाइक्स ओढत राहते. दहाव्या दिवशी आलेली ‘आतून चिकट’ अशी तक्रार तळाशी असते आणि तिला दोन लाइक्सही मिळत नाहीत. लाइक्सने वजन दिलं की पुन्हा पहिल्या 48 तासांचीच माणसं जिंकतात आणि आपण फिरून वेणीवर येतो. ‘पुढे काय बघायला आवडेल, खाली लिहा’ असं विचारून आलेल्या कॉमेंट्सही वेगळ्या ठेवा. त्यात इच्छा असतात, अडचणी नसतात. इच्छेतून नवा पदार्थ निघू शकतो, पण चालू व्हिडिओचा पुढचा भाग क्वचितच.

उपाय लागू पडला का, हे नव्या भागाच्या व्ह्यूजवरून ठरवू नका. ते थंबनेल, शीर्षक आणि नशीब या तिघांच्या हातात असतात. जुन्या व्हिडिओवर परत जा. मी तिथे नव्या भागाची लिंक पिन केली आणि पुढचे पाच आठवडे करून पाहिलेल्यांच्या कॉमेंट्स पुन्हा त्याच रीतीने मोजल्या. 31 जणांनी ब्रेड केल्याचं लिहिलं. त्यात आतून चिकट म्हणणारे 3 होते, आधी 67 मध्ये 17 होते. आकडे लहान आहेत, आणि पिन केलेली ओळ वाचूनच काही जण शहाणे झाले असतील, व्हिडिओ न बघताही. पण तक्रारींचा रोखही बदलला. आता लोक विचारतात की दुसऱ्या दिवशी ब्रेड कोरडा का होतो. म्हणजे त्यांचा ब्रेड दुसऱ्या दिवसापर्यंत उरतोय आणि कापता येतोय. दहा वेगवेगळ्या माणसांनी हे विचारलं की मी तो ढीग वाचायला घेणार आहे. आत्ता सहा झालेत.

ज्या चॅनलवर एका व्हिडिओला वीस-पंचवीसच कॉमेंट्स येतात, तिथे यातलं मोजणं निरर्थक आहे. तिथे कोड, गुण, तक्ता काही नको. करून पाहिलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न परत विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. एकाच जातीच्या तीन व्हिडिओंची उत्तरं एकत्र वाचली की ढीग तयार होतो. फक्त वेगळे पदार्थ एकत्र करू नका. ब्रेडचं ‘आतून कच्चा’ आणि केकचं ‘आतून कच्चा’ शब्दाने सारखं दिसतं, पण केक कापायची घाई केल्याने कच्चा राहत नाही. तो बहुधा ओव्हनचं दार मधेच उघडल्याने बसलेला असतो, किंवा टिन भरून वाहील इतकं मिश्रण घातलेलं असतं.